विश्लेषण : तीस वर्षे दर आठवड्याला एक तिकीट, ‘एकदा तरी’ लॉटरी लागण्याची शक्यता किती?

‘इतकी वर्षे तिकीट घेतोय, कधीतरी लागेलच,’ हे वाक्य पुण्यातल्या कोणत्याही लॉटरीच्या दुकानासमोर ऐकायला मिळते. मंडईत भाजी घेऊन परतताना एक तिकीट, निवृत्तिवेतन जमा झाले की एक तिकीट, अशी सवय जडलेल्यांचा हिशेब साधा असतो. एका आठवड्यात लागण्याची शक्यता कमी असेल, पण आठवडे पुष्कळ आहेत. पुष्कळ आठवडे म्हणजे पुष्कळ संधी, मग एकदा तरी नशीब उघडणारच. या हिशेबातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा अर्धा कितपत खरा, ते शाळेतल्या गुणाकारावर तपासता येते.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सुरू आहे. गजलक्ष्मी, सह्याद्री अशा नावांच्या तिच्या साप्ताहिक सोडती अनेक घरांत तोंडपाठ असतात. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्यातच एका लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडत नसावी, असे म्हटले आहे. त्यामुळे ‘आठवड्याला एक तिकीट’ हा हिशेब अगदी व्यवहारातला आहे. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर तीस वर्षांत १,५६० तिकिटे होतात.

आधी प्रश्न नीट विचारायला हवा

‘लॉटरी लागणे’ म्हणजे नेमके काय? पहिले बक्षीस, मधले बक्षीस की शेवटचे चार अंक जुळल्यावर मिळणारे पाचशे रुपये? एकाच तिकिटावर या तिन्हींच्या शक्यतांमध्ये हजारो पटींचा फरक असतो. तीस वर्षांचा हिशेब करणारे बहुतेक लोक डोळ्यांपुढे पहिले बक्षीस ठेवतात आणि उदाहरण मात्र शेजाऱ्याला लागलेल्या पाचशे रुपयांचे देतात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

म्हणून एक नमुना तिकीट घेऊ. आकडे उदाहरणासाठी, हिशेबाला सोपे असे घेतले आहेत. प्रत्येक लॉटरीची योजना वेगळी असते. तिकिटाची किंमत २० रुपये. त्यावर सहा अंकी क्रमांक, म्हणजे 000000 पासून 999999 पर्यंत एकूण दहा लाख तिकिटे. सोडतीत सहाही अंक जुळणाऱ्या एका तिकिटाला ३० लाखांचे पहिले बक्षीस. शिवाय शेवटच्या चार अंकांवर दोन प्रकारची बक्षिसे आहेत. दहा क्रमांक काढून त्यांना प्रत्येकी २,००० रुपये आणि आणखी शंभर क्रमांक काढून त्यांना प्रत्येकी ५०० रुपये.

आता शक्यता मोजणे अवघड नाही. पहिले बक्षीस दहा लाखांत एक. चार अंकी क्रमांक एकूण दहा हजार असतात. त्यांतले दहा निघाले म्हणजे दोन हजारांच्या बक्षिसाची शक्यता हजारात एक, आणि शंभर निघाले म्हणजे पाचशेच्या बक्षिसाची शंभरात एक. याहून सोपे, म्हणजे फक्त शेवटच्या एका अंकावर बक्षीस ठेवण्यास त्याच १९९८ च्या कायद्याने मनाई आहे. तसे केले असते तर दर दहा तिकिटांमागे एक लागले असते, आणि मटका व लॉटरी यांत फरक करायला फारसे काही उरले नसते.

न लागण्याचा हिशेब आधी

‘एकदा तरी लागेल’ याची शक्यता थेट मोजायला गेले की गुंता होतो. कारण ‘एकदा तरी’ यात एकदा लागणे, दोनदा लागणे, पाचदा लागणे असे सगळे येते. त्याऐवजी उलट बाजू पाहावी. एकदाही न लागणे ही गोष्ट एकाच प्रकारे घडते : दर आठवड्याला हरणे. ती शक्यता काढून शंभर टक्क्यांतून वजा केली की उत्तर हाती येते.

मोबाइलवर लुडो खेळणाऱ्यांना हे लगेच पटेल. सोंगटी बाहेर काढायला सहा पडावे लागतात. एका फेकीत सहा न पडण्याची शक्यता सहापैकी पाच. दोन फेकींत एकदाही न पडण्याची शक्यता पाच षष्ठांश गुणिले पाच षष्ठांश, म्हणजे सुमारे ६९ टक्के. दहा फेकींत एकदाही न पडण्याची शक्यता हाच गुणाकार दहा वेळा करून येते सुमारे १६ टक्के. म्हणजे दहा फेकींनंतरही सहा जणांतला जवळपास एक जण घरातच अडकून बसतो आणि अ‍ॅप फसवते आहे, अशी तक्रार करतो. अ‍ॅप प्रामाणिक असले तरी हे होतेच.

लॉटरीत फाशाला सहा बाजू नसतात, दहा लाख असतात. एवढाच काय तो फरक.

मोबाइलवर करून पाहा

फोनमधल्या कॅल्क्युलेटरच्या शास्त्रीय प्रकारात घाताचे चिन्ह असते. काही फोनमध्ये फोन आडवा केला की ते दिसते. त्यात पुढील तीन ओळी एकेक करून टाकाव्यात. पहिली ओळ पाचशेच्या बक्षिसाची, दुसरी दोन हजारांच्या बक्षिसाची, तिसरी पहिल्या बक्षिसाची.

```
1 - 0.99^1560
1 - 0.999^1560
1 - 0.999999^1560
```

पहिल्या ओळीचे उत्तर जवळजवळ १ येते. तीस वर्षांत पाचशेचे बक्षीस एकदाही न लागण्याची शक्यता सुमारे ६४ लाखांत एक इतकी नगण्य आहे. म्हणजे ‘एकदा तरी लागेलच’ हे वाक्य या बक्षिसापुरते खरे आहे. दुसऱ्या ओळीचे उत्तर ०.७९. दोन हजारांचे बक्षीस पाच जणांपैकी जवळपास चौघांना तीस वर्षांत एकदा तरी लागेल, पाचव्याला कधीच नाही.

तिसऱ्या ओळीचे उत्तर ०.००१५६ च्या आसपास येते. टक्क्यांत सांगायचे तर ०.१५६ टक्के, म्हणजे साधारण ६४२ जणांत एक. तीस वर्षे एकही आठवडा न चुकवणाऱ्या ६४२ जणांपैकी ६४१ जणांना पहिले बक्षीस कधीच लागणार नाही.

हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर बालगंधर्व रंगमंदिर हाऊसफुल्ल झाल्याची कल्पना करावी. तिथे हजाराच्या आसपास प्रेक्षक बसतात. समजा त्यांतल्या प्रत्येकाने तिशीत पहिले तिकीट घेतले आणि साठीपर्यंत नेम चुकवला नाही. अख्ख्या प्रेक्षागृहात पहिले बक्षीस लागलेले एक किंवा दोन जण निघतील. एकही न निघण्याची शक्यताही पाचात एकहून थोडी जास्त आहे. जो निघेल, त्याचा फोटो दुकानाच्या काचेवर चिकटेल. बाकीच्यांचे फोटो कोणीच लावत नाही, आणि म्हणूनच काचेकडे पाहून शक्यतेचा अंदाज बांधला की तो हमखास चुकतो.

आणखी एक आकडा सांगण्यासारखा आहे. पहिले बक्षीस लागण्याची शक्यता निम्मी व्हायला, म्हणजे नाणेफेकीइतकी व्हायला, दर आठवड्याला एक तिकीट किती काळ घ्यावे लागेल? सुमारे ६ लाख ९३ हजार आठवडे, म्हणजे १३ हजार ३०० वर्षे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या शेतकऱ्यांपासून आजवर पिढ्यान्‌पिढ्या तिकिटे घेतली असती, तरी निम्म्या शक्यतेच्या वाटेवर जेमतेम चौथाईच्या पुढे पोहोचता आले असते.

साधी बेरीज कुठे चालते, कुठे फसते

अनेकांच्या मनात एक सोपी रीत असते. एका तिकिटाची शक्यता दहा लाखांत एक, तिकिटे १,५६०, तर एकूण शक्यता दहा लाखांत १,५६०. म्हणजे ६४१ मध्ये एक. वरच्या रीतीने ६४२ मध्ये एक आले होते. फरक एवढा क्षुल्लक आहे, की इथे बेरीज करणाऱ्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही.

तीच रीत दोन हजारांच्या बक्षिसाला लावली की मात्र फजिती होते. हजारात एक, गुणिले १,५६०, म्हणजे १५६ टक्के. शंभर टक्क्यांच्या वर शक्यता असूच शकत नाही. खरे उत्तर ७९ टक्के होते. कारण बेरीज करताना दोनदा-तीनदा लागणाऱ्या भाग्यवंतांना दोनदा-तीनदा मोजले जाते आणि एकदाही न लागलेले दिसेनासे होतात. १.५६ ही संख्या निरर्थक नाही. तीस वर्षांत ते बक्षीस सरासरी किती वेळा लागेल, हे ती सांगते. पण ‘सरासरी दीड वेळा’ आणि ‘प्रत्येकाला एकदा तरी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे : बेरजेचे उत्तर दहा-वीस टक्क्यांच्या पुढे जाऊ लागले की तिच्यावर विसंबू नये, उलट बाजूने गुणाकार करावा.

या चुकीला मोठा इतिहास आहे. सतराव्या शतकातला फ्रेंच उमराव शेव्हालिए द मेरे फाशांवर पैजा लावत असे. एका फाशाच्या चार फेकींत एकदा तरी सहा पडण्यावर पैज लावणे फायद्याचे होते. ती शक्यता ५१.८ टक्के येते. मग दोन फाशांवर दोन्ही सहा पडण्याची शक्यता छत्तिसात एक, म्हणजे सहापट कमी. तर फेकीही सहापट, चोवीस केल्या की पैज तितकीच फायद्याची राहायला हवी, असे प्रमाण मांडले जाई. प्रत्यक्षात ती शक्यता ४९.१ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी आहे. हा प्रश्न ब्लेझ पास्कालपर्यंत गेला आणि १६५४ मध्ये पास्काल व पिएर द फर्मा यांच्या पत्रव्यवहारात त्याची चर्चा झाली. संभाव्यतेच्या गणिताची सुरुवात तिथून मानतात. लॉटरीच्या दुकानासमोरचा हिशेब तोच आहे, फेकींच्या जागी आठवडे आले इतकेच.

पंचवीस वर्षे झाली, आता तरी?

समजा एका गृहस्थांनी पंचवीस वर्षे तिकिटे घेतली आणि पहिले बक्षीस लागले नाही. आता पाच वर्षे उरली. ‘एवढी वर्षे गेली, म्हणजे आता वेळ जवळ आली,’ असे त्यांना वाटते. सोडतीच्या यंत्राला मात्र त्यांची पंचवीस वर्षे ठाऊक नसतात. उरलेल्या पाच वर्षांत २६० तिकिटे, म्हणजे शक्यता सुमारे ३,८४६ मध्ये एक. ६४२ मध्ये एक ही शक्यता पहिल्या आठवड्याच्या उंबरठ्यावर उभे राहून पाहिलेली होती. प्रत्येक हरलेल्या आठवड्यागणिक ती घटत जाते, साठत नाही.

दर वेळी तोच क्रमांक घ्यावा की बदलावा, यानेही काही फरक पडत नाही. तोच क्रमांक धरून बसणाऱ्याला आणखी एक बेडी पडते : एक आठवडा चुकला आणि नेमका तोच क्रमांक निघाला तर, ही धास्ती. दुकानदाराच्या दृष्टीने यापेक्षा पक्के गिऱ्हाईक नाही.

‘लागली’ आणि ‘फायदा झाला’ यांतले अंतर

तीस वर्षांत नमुना तिकिटांवर खर्च होतात ३१,२०० रुपये. पाचशेचे बक्षीस सरासरी साडेपंधरा वेळा लागते, त्याचे सुमारे ७,८०० रुपये. दोन हजारांचे सरासरी दीड वेळा, त्याचे सुमारे ३,१२०. बेरीज १०,९२० रुपये. म्हणजे ज्या ६४१ जणांना पहिले बक्षीस लागत नाही, त्यांचे सरासरी वीस हजारांवर रुपये जातात. केवळ पाचशेच्या बक्षिसांतून खर्च भरून काढायचा तर ते ६३ वेळा लागायला हवे. नेहमीच्या पंधरा-सोळाच्या जवळपासही तो आकडा नाही.

या योजनेत विक्रीतले निम्मे पैसे बक्षिसांत परत जातात : २० रुपयांच्या प्रत्येक तिकिटामागे सरासरी १० रुपये. त्यांतले ५ रुपये पाचशेच्या बक्षिसांतून, २ रुपये दोन हजारांच्या आणि ३ रुपये पहिल्या बक्षिसातून येतात. यातले ३ रुपये ६४२ मधल्या ६४१ जणांना कधीच दिसत नाहीत. ज्याला ते दिसतात, त्यालाही पूर्ण मिळत नाहीत. लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के प्राप्तिकर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. ३० लाखांतून हातात उरतात २० लाख ६४ हजार. तिकिटांवर झालेला खर्च त्यातून वजा करता येत नाही. तिकिटाच्या किमतीतही कर असतोच. लॉटरीवरचा जीएसटी १ मार्च २०२० पासून सरसकट २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. हा कर छापील किमतीतच धरलेला असल्याने २० रुपयांच्या तिकिटातले सुमारे ५ रुपये ७१ पैसे करापोटी जातात.

मग माणसे तिकिटे घेत का राहतात? पाचशेच्या बक्षिसाच्या हिशेबात त्याचे उत्तर बरेचसे सापडते. वर्षभरात, म्हणजे ५२ तिकिटांत, ते एकदा तरी लागण्याची शक्यता ४१ टक्के. पाच वर्षांत ती ९३ टक्क्यांवर जाते. म्हणजे जवळपास प्रत्येक नियमित ग्राहकाला अधूनमधून काहीतरी लागत राहते. ते पाचशे रुपये लक्षात राहतात. त्याआधीच्या शंभर तिकिटांचे दोन हजार कुठेच लिहिलेले नसतात. शिवाय त्या पाचशेतून पुढची पंचवीस तिकिटे येतात. छोटे बक्षीस म्हणजे पहिल्या बक्षिसाच्या जवळ पोहोचल्याची खूण, असे ग्राहकाला वाटते. दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

तिकिटावर काय छापायला हवे

स्वतःच्या तिकिटाची शक्यता काढायला दोनच आकडे लागतात : त्या सोडतीची एकूण तिकिटे किती आणि त्या बक्षिसाची विजेती तिकिटे किती. यात मालिका विसरली जाते. सहा अंकी क्रमांक दहा वेगवेगळ्या मालिकांत छापले असतील आणि पहिल्या बक्षिसासाठी मालिकाही जुळावी लागत असेल, तर तिकिटे दहा लाख नाहीत, एक कोटी आहेत. मग तीस वर्षांची शक्यता ६४२ मध्ये एकवरून थेट सुमारे ६,४१० मध्ये एक होते. तिकिटावर मालिका दोन अक्षरांत छापलेली असते, तिच्यामुळे शक्यता दहापट घटते हे मात्र कोणी सांगत नाही.

ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत ५९ पैकी ६ आकडे जुळवायचे असतात. तिथे पहिल्या बक्षिसाची शक्यता ४ कोटी ५० लाख ५७ हजार ४७४ मध्ये एक, असे स्पष्ट जाहीर केले जाते. तीस वर्षे आठवड्याला एक खेळ धरला तर ती जवळपास २८,९०० मध्ये एक होते. जाहीर केल्याने तिथली लॉटरी बंद पडलेली नाही. पण ‘कोणतेही बक्षीस’ लागण्याची जी वेगळी शक्यता तिथे सांगितली जाते, तिच्यात दोन आकडे जुळल्यावर मिळणारा फुकटचा एक खेळही धरलेला असतो. म्हणून एकत्रित आकड्यापेक्षा प्रत्येक बक्षिसाचा वेगळा आकडा महत्त्वाचा.

राज्य सरकार चालवत असलेल्या लॉटरीने ही माहिती देण्यात काही अडचण नसावी. बक्षिसांची रक्कम ठळक अक्षरांत छापली जाते. तिच्याच शेजारी, तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत, ‘शक्यता : दहा लाखांत एक, तीस वर्षे दर आठवड्याला घेतल्यास ६४२ मध्ये एक’ अशी एक ओळ बसते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, यंत्र लागत नाही. ती ओळ वाचूनही ज्याला वीस रुपये द्यायचे असतील, त्याने खुशाल द्यावेत. आठवडाभर मनात बंगला बांधण्याचे ते भाडे आहे, हे तरी त्याला ठाऊक असेल.